“घरला जायचंय”: रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहणारी माय

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूर शहरातल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, कामधंदा, नावं असे काही तपशील बदलले आहेत. घरी स्मृतिभ्रंशाचा माणूस सांभाळणाऱ्यांची आम्ही महिन्यातून एकदा बैठक घेतो. वैद्यकीय समाजसेविका म्हणून ती चालवण्याचं काम माझ्याकडे आहे. नोव्हेंबर 2023 च्या बैठकीला एक सून पहिल्यांदा आली आणि दीड तास एक शब्दही बोलली नाही. सगळे उठल्यावर, चपला घालता घालता खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, मी काल आत्याबाईंना खोलीत कोंडून ठेवलं.”

सासूबाई 78 वर्षांच्या. औसा तालुक्यातल्या भूकंपात पडलेल्या एका गावच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा रात्रीच गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद असलेलं त्यांचं घर झोपल्या जागी बसलं. त्यांची सासू गेली आणि 11 वर्षांचा धाकटा मुलगा गेला. थोरला 17 वर्षांचा होता, राखणीला शेतात गेलेला म्हणून वाचला. धाकट्याला ढिगाऱ्यातून ज्यांनी काढलं त्यांत तोही होता. पुढे कुटुंब वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं, मग नव्या जागी वसलेल्या गावातल्या घरात. थोरला आता लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे.

माय 2019 पासून विसरायला लागली होती. भाजीत दोनदा मीठ पडायचं, एकच गोष्ट चारदा विचारली जायची. गावात ते खपून गेलं, कारण वाट चुकली तरी कुणी ना कुणी घरी आणून सोडायचं. वडील वारल्यावर 2021 मध्ये मुलाने तिला लातूरला आणलं. 2022 मध्ये डॉक्टरांनी मेंदूचा सीटी स्कॅन, थायरॉइड आणि बी-12 या तपासण्या करून अल्झायमरचं निदान केलं आणि डोनेपेझिल सुरू केलं. या गोळीने काही जणांची आठवण आणि रोजचे व्यवहार काही काळ थोडे सावरतात, आजार थांबत नाही. घरच्यांना हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. “गोळी चालू आहे तरी वाढतंच कसं?” असं मुलगा मला पहिल्या भेटीत विचारत होता.

अडचण

दुपारपर्यंत सगळं बरं असायचं. पाच वाजून गेले, उन्हं उतरली, की माय उठून एक लुगडं, पितळी तांब्या आणि हाताला लागेल ते फडक्यात बांधायची. गाठोडं काखेत मारून फाटकाशी जाऊन उभी. “दिवस बुडाला. लेकरू एकटं हाय. मी घरला चालले.”

संध्याकाळी बेचैनी वाढणं या आजारात पुष्कळदा दिसतं. दिवसभराचा थकवा, अंधूक उजेड, लांबलेल्या सावल्या आणि बिघडलेलं झोपेचं घड्याळ ही त्याची नेहमीची कारणं. पण “लेकरू एकटं हाय” हे प्रत्येक घरी ऐकू येत नाही.

मुलगा खरं बोलणारा. तो दर वेळी समजावायचा, “माय, ते घर त्र्याण्णवलाच पडलं गं. बाळू गेला. तूच नाही का त्याचं सगळं केलंस?” ते ऐकून माय किंचाळायची, ऊर बडवून घ्यायची, शेजारी गोळा व्हायचे. तिच्यासाठी ती बातमी तीस वर्षांपूर्वीची नव्हतीच, ती त्या क्षणी पहिल्यांदा कानावर पडत होती. वीस मिनिटांनी बातमी विसरली जायची, पण ती घेऊन आलेलं दुःख जायचं नाही. आपण का रडतोय हे माहीत नाही आणि छातीवरचा दगड तर आहे, अशा अवस्थेत ती समोर दिसेल त्यावर राग काढायची. समोर असायची सून. “हिनंच केलं काहीतरी” म्हणून ताट ढकलायची, उपाशी झोपायची आणि पहाटे तीन-साडेतीनला उठून भिंतीला तळवा लावून उभी राहायची. “भिंत हललालीय” म्हणत अंथरूण ओढत बाहेर न्यायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. दोन महिन्यांत एका बाईला आपल्या लेकराच्या मरणाची बातमी पन्नासेक वेळा तरी ऐकावी लागली, आणि ती सांगणाऱ्या मुलालाही तो ढिगारा तितक्याच वेळा उपसावा लागला. पहिल्या घरभेटीत तो मला म्हणाला, “ती विसरते, मला तर सगळं दिसतं ना.”

सुनेच्या झोपेचा हिशोब मी मुद्दाम मांडायला लावला. चौघा माणसांचं घर, दहावीतला मुलगा, नवरा सोयाबीनच्या हंगामात रात्री साडेनऊला घरी. तिची झोप तुकड्या-तुकड्यांनी चार तासांच्या आसपास होत होती आणि हे सप्टेंबरपासून चाललं होतं. कोंडलं त्या दिवशी मायने फाटकाशी तिच्या दंडाला चावा घेतला होता. तिने मायचं मनगट आवळून तिला ओढत आत नेलं, बाहेरून कडी घातली आणि स्वतः न्हाणीच्या दाराशी बसून राहिली. चाळीस मिनिटं. कडी काढली तेव्हा माय जमिनीवर बसलेली होती, लुगडं ओलं झालेलं, आणि तिने सुनेला विचारलं, “बाई, तू कुणाची गं?” मनगटावरचे वळ आठवडाभर होते.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मुलगा, सून, उदगीरला दिलेली मुलगी आणि मी असे चौघं बसलो. मायला वगळून बसलो याची रुखरुख मला होती. म्हणून आधी तासभर तिच्यापाशी बसून तिला काय हवंय ते तिच्याच तोंडून ऐकलं होतं.

पहिला पर्याय फाटकाला कुलूप. ते आधीच लागलं होतं. त्याने माय रस्त्यावर जात नव्हती हे खरं, पण कुलूप दिसलं की ती ते खडखडवायची, आणि बंद फाटकाशी झगडणारी म्हातारी गल्ली बघत राहायची.

दुसरा पर्याय झोपेची गोळी. एका पाहुण्याने सुचवलेली अर्धी गोळी घरच्यांनी ऑक्टोबरमध्ये आठ-दहा दिवस दिलीही होती. संध्याकाळ शांत गेली, पण सकाळी माय झोकांड्या खायची आणि एकदा न्हाणीत पडली. मनगटावर निभावलं, खुब्याचं हाड मोडलं असतं तर ती कदाचित पुन्हा चालली नसती. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो आणि गोंधळ उलट वाढतो. मनोविकारांसाठीची जोरकस औषधं द्यावीत का, हे आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. इतर उपाय करून बघितले आणि तरीही ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करते आहे असं दिसलं, तरच अगदी कमी मात्रेत आणि ठरावीक दिवसांपुरती. तेव्हा ती वेळ आली नव्हती.

तिसरा पर्याय मुलीने मांडला: दोन-दोन महिने वाटून घेऊ. आपल्याकडे आईबाप असे पाळीने सांभाळण्याची रीत आहे आणि त्यात प्रेम नसतं असं मी म्हणणार नाही. पण या आजारात माणसाला संडास कुठे, पाण्याचा माठ कुठे, हे फक्त सवयीने सापडतं. घर बदललं की तेही हरवतं. 2021 मध्ये लातूरला आल्यानंतरच तिची घसरण वेगाने झाली, हे मुलीनेच आठवून सांगितलं. मग ठरलं की मायने हलायचं नाही, लेकीने यायचं.

चौथा पर्याय सगळ्यांत अवघड निघाला: खरं सांगणं थांबवायचं. मुलगा ताडकन म्हणाला, “म्हणजे मेलेल्या भावाला मी जिवंत म्हणू? मायला रोज फसवू?” मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. त्याचा प्रश्न योग्यच होता आणि “त्यांना कुठे कळतंय” हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. बाळू शाळेत गेलाय असं सांगणंही मला नको होतं, कारण मग ती शाळा सुटण्याची वाट बघत बसली असती. माय बाळूची बातमी मागतच नव्हती. तिला काळजी वाटत होती आणि ती कुणीतरी ऐकून घ्यावी एवढंच तिला हवं होतं. म्हणून आम्ही मधली वाट काढली. खोटं सांगायचं नाही, बातमीही द्यायची नाही. तिलाच विचारायचं: “बाळू कसा होता गं माय?”

काय केलं

आधी शरीराची कारणं तपासली, खरं तर ती सर्वांत आधी बघायला हवी होती. लघवीची तपासणी ठीक आली. पण चार-चार दिवस पोट साफ होत नव्हतं आणि तिला ते सांगता येत नव्हतं. कानातला मळ काढला. डोनेपेझिल रात्री दिलं जात होतं आणि या गोळीने काहींना झोपेत ठळक, भीतिदायक स्वप्नं पडतात. डॉक्टरांनी ती सकाळी द्यायला सांगितली. पहाटेचं भिंत चाचपणं त्यानंतर कमी झालं. त्यात गोळीचा वाटा किती आणि अंथरूण हलवल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. अंथरूण भिंतीपासून काढून जाळी लावलेल्या पत्र्याच्या ओसरीत दाराजवळ घातलं होतं, आणि पत्र्याखाली ती गाढ झोपायची.

सुनेला मी शाळेची दोनशे पानी वही दिली. रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, आपण काय केलं, पुढे काय झालं. दोन आठवड्यांत वहीतून जे दिसलं ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वाईट संध्याकाळी बहुतेक तीन प्रकारच्या होत्या: पोट साफ न झालेला दिवस, वीज गेलेली संध्याकाळ, आणि दुपारी दीड-दोन तास झोप झालेला दिवस. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. अंधार पडायची वाट न बघता पाचलाच सगळे दिवे लावायला सुरुवात केली आणि लाईट गेली तर म्हणून चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवला.

मग सूप. माय संध्याकाळी गावाकडे काय करायची, हे लेकीला विचारलं तर ती म्हणाली, “गुरं यायच्या आत दुसऱ्या दिवशीची डाळ निवडून ठेवायची.” सुनेने साडेचारला चहा देऊन मायपुढे सुपात दोन वाट्या तूर ठेवली. मी त्या दिवशी तिथे होते. माय आधी सुपाकडे नुसती बघत राहिली. मग उजव्या हाताच्या बोटांनी तूर पसरली, खडा चिमटीत धरला, डावीकडे टाकला. सूप उचलून दोन झटके दिले, फोल पुढे आलं, ते फुंकलं. सुनेचं नाव, गावाचं नाव, काहीच तिला सांगता येत नव्हतं, आणि एक दाणा खाली सांडत नव्हता. पावणेसहा वाजले तेव्हा ती फाटकाशी नव्हती.

पुढे एक अडचण आली. निवडलेली तूर सून आत नेऊन पुन्हा त्यात खडे मिसळायची आणि दुसऱ्या दिवशी तीच द्यायची. नातवाने हे पाहिलं आणि तो चिडला: “आजीला येडी समजता का?” मला त्याचं म्हणणं लागलं. मग मोंढ्यातून मुद्दाम न निवडलेली तूर आणायला सुरुवात केली आणि मायने निवडलेल्या तुरीचंच वरण शिजवायचं ठरलं. जेवताना “आत्याबाई, तुमच्या हातची तूर” असं सून सांगायची आणि ते खरं असायचं.

तरी काही संध्याकाळी ती उठायचीच. तेव्हा अडवायचं नाही. नातवाने किंवा मुलाने फाटक उघडून सोबत निघायचं, गाठोडं तिच्याकडेच राहू द्यायचं, मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, वाटेत बाळूचं विचारायचं. “लई खोडकर. बापाच्या खिशातले बोरं खायचा.” बाराएक मिनिटांच्या या फेरीनंतर फाटक दिसलं की सोबतच्याने म्हणायचं, “आलं बघ घर.” बहुतेक वेळा ती आत यायची. मुलगा म्हणाला, भावाबद्दल तो आईशी तीस वर्षांत असा बोललाच नव्हता.

नियमाला अपवाद एकदाच करावा लागला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, अगदी शांतपणे, माय त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “दादा, बाळू मेलाय ना रं?” त्याने तिचा हात धरून “हो माय” म्हटलं. ती हळू रडली, पदराने डोळे पुसले, चहा मागितला. त्याने मला फोन करून विचारलं, चुकलो का? मी नाही म्हटलं. तिने सरळ विचारलं होतं आणि उत्तर ऐकायची तिची तयारी दिसत होती. रोज संध्याकाळी घाबरलेल्या बाईवर तीच बातमी आदळणं वेगळं होतं.

सुनेसाठी जे केलं ते आम्ही चौघांनी कागदावर लिहून घेतलं, कारण तोंडी ठरलेलं हंगामात विरून जातं. लेक दर दुसऱ्या शुक्रवारी येऊन रविवारपर्यंत राहील आणि ते दोन दिवस सून मायच्या कामाला हात लावणार नाही. रात्री दोननंतर माय उठली तर मुलगा उठेल, मोंढा असला तरी. आणि हात उचलावासा वाटला, तर मायला सुरक्षित बसवून, गॅस बंद करून सुनेने अंगणात यायचं, शेजारच्या काकूंना हाक मारायची. काकूंना आजार समजावून सांगायला मीच गेले. तोवर त्या “सून छळते” असंच समजत होत्या. रात्री-अपरात्री बोलायला म्हणून सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक सुनेला दिला. तिने तो दोनदा वापरला.

कोंडण्याबद्दल मी तिला रागावले नाही आणि “होतं असं कधीतरी” असंही म्हटलं नाही. पुन्हा होऊ नये म्हणून कडी आतल्या बाजूला बसवून घेतली. पुढच्या बैठकीत तिने स्वतःच ते सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा परभणीहून येणारे एक निवृत्त गुरुजी, जे पत्नीला सांभाळतात, थोड्या वेळाने म्हणाले, “मी थापड मारलीय.” त्या खोलीत त्या दिवशी आणखी तिघं बोलले.

परिणाम

वहीप्रमाणे नोव्हेंबरमध्ये जवळजवळ रोज असलेला आकांत मार्चपर्यंत आठवड्यातून एक-दोनदा होऊ लागला. सून सलग साडेपाच-सहा तास झोपू लागली. आजार मात्र आपल्या वाटेने पुढे गेला.

मे 2024 मध्ये दोन दिवसांत माय एकदम बदलली. दिवसा गुंगीत, रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडणं, मध्येच तासभर अगदी बरी. सुनेने फोन केला तेव्हा मी म्हटलं, आजार वाढलेला दिसतो, दोन दिवस बघू. ही माझी चूक होती. अल्झायमर महिन्या-महिन्यांनी वाढतो, दोन दिवसांत नाही. तास-दिवसांत झालेला बदल, त्यातले चढउतार आणि गुंगी दिसली की दुसरं काहीतरी शोधायचं असतं, आणि तेही त्याच दिवशी. लघवीचा संसर्ग निघाला, उन्हाळ्यात पाणीही पोटात गेलेलं नव्हतं. एक पूर्ण दिवस माझ्यामुळे वाया गेला. उपचारांनी ती सावरली, पण आधीच्या पायरीवर परत आली नाही.

पावसाळ्यात “घरला जायचंय” आपोआप थांबलं. ज्या वाक्याने घर हैराण झालं होतं ते बंद झाल्यावर मुलगा बेचैन झाला, कारण त्याबरोबर बाळूही तिच्या बोलण्यातून गेला होता. आता ती सुपातल्या तुरीतून नुसते तळवे फिरवते. खडे सून नंतर काढते.

पुन्हा करायचं झालं तर

लातूरला आणण्याआधी आम्ही भेटलो असतो, तर मी गावातच काय सोय होते ते आधी बघितलं असतं. हलवणं अटळच असतं, तर तिचा माठ, तिचं सूप, तिची सतरंजी आधी लावून मग तिला आणायला सांगितलं असतं.

निदान झालं त्याच दिवशी सुनेला स्वतंत्र वेळ मिळायला हवा होता. डॉक्टरांशी मुलगा बोलला, गोळ्यांची चिठ्ठी मुलाच्या हाती गेली, आणि दिवसाचे सोळा तास जिच्यावर पडणार होते तिला आजाराचं नावही वर्षभर नीट माहीत नव्हतं. आता नव्या घरचं कुणी आलं की प्रत्यक्ष सांभाळणारं माणूस समोर बसल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. त्या माणसाला आधी त्याची स्वतःची झोप विचारते. मग विचारते की घरातलं म्हातारं माणूस संध्याकाळी कुणाची वाट बघतं. किल्लारीच्या आसपासच्या गावांतून आलेले लोक या दुसऱ्या प्रश्नावर बराच वेळ गप्प राहतात. मी थांबते.